गिझरचे वर्णन: खोक्यावरून की नेमप्लेटवरून?

नवी पेठेतील आमच्या दुकानात प्रत्येक वस्तूसमोर माहितीचे कार्ड लावायचे ठरले, तेव्हा मजकूर खोक्यावरून उतरवावा की वस्तूच्या अंगावरील नेमप्लेटवरून, हा प्रश्न होता. दोन्ही पद्धती मी वापरून पाहिल्या आहेत. खोक्यावरून लिहिणे झटपट होते आणि वाक्ये आयती मिळतात. नेमप्लेट मात्र गिझरच्या तळाशी किंवा मागे असते, त्यामुळे खोके उघडावे लागते आणि उघडलेला माल घ्यायला काही गिऱ्हाइके कुरकुरतात.

तरीही माझा कल दुसरीकडे गेला, तो एका प्रसंगामुळे. १५ लिटरच्या एका गिझरच्या कार्डावर मी खोक्यावरचे पाहून ‘आयएसआय चिन्हांकित’ असे लिहिले होते. एका निवृत्त मास्तरांनी परवाना क्रमांक मागितला, म्हणून आम्ही खोके उघडले. चिन्ह सापडले, पण वायरीच्या टोकाच्या प्लगवर, आणि त्याच्या वर IS 1293 असे होते. हे मानक प्लग आणि सॉकेटचे आहे. पाणी साठवणाऱ्या गिझरचे मानक IS 2082 होय, आणि ते टाकीवर कुठेच नव्हते. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये चिन्हाखालचा CM/L क्रमांक घातला, तर परवाना खरा निघाला, मात्र तो प्लग बनवणाऱ्याचा! माझे कार्ड शब्दशः खोटे नव्हते, हेच मला अधिक खटकले. तो माल मी परत पाठवला आणि तेव्हापासून कार्डावर मानक व CM/L क्रमांक दोन्ही लिहितो, म्हणजे गिऱ्हाइकाला उत्पादक आणि वस्तू स्वतः पडताळता येते.

वॅटचेही तसेच आहे. खोक्यावर नुसते ‘२००० वॅट’ असते, नेमप्लेटवर त्याच्याशेजारी ‘२३० व्होल्ट’ असते. दाब २०० व्होल्टपर्यंत उतरला, तर तोच गिझर जेमतेम १५०० वॅट घेतो. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला हिशेबाने १८ मिनिटे लागतात, ती २४ होतात. ‘गिझर मंद आहे’ ही तक्रार पुष्कळदा इथूनच येते, असा माझा अनुभव आहे.

स्टारबाबत खोक्यावरचे ‘विजेची बचत’ हे शब्द मी आता उतरवत नाही. गिझरचे स्टार तापलेले पाणी साठवून ठेवताना किती उष्णता वाया जाते यावर ठरतात. पाणी तापवायला लागणारी वीज त्यांनी कमी होत नाही. आंघोळ होताच बटण बंद करणाऱ्या घरात फरक थोडाच पडेल, दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरात बराच. लेबलावरचा हा उष्णताऱ्हासाचा आकडा मी कार्डावर स्टारच्या आधी लिहितो. मास्तरांनी पुढे दुसरा गिझर घेतला, तेव्हा त्यांनी पैसे देण्यापूर्वी तो आकडा लेबलाशी जुळवून पाहिला.