‘आठवण आली’ की ‘करमत नाही’?

जोडीदाराची मातृभाषा वेगळी असते आणि घड्याळही वेगळे असते, तेव्हा ‘तू इथे नाहीस हे मला जाणवते’ एवढेच रोज सांगायला कोणता शब्द ठेवावा, हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. मी नाशिकला गंगापूर रोडवर राहतो आणि अंबडच्या एका कारखान्यात काम करतो. ती माँट्रियलची असून तिची मातृभाषा क्यूबेकची फ्रेंच आहे. आमचे मोठे बोलणे इंग्रजीत होते, पण जिव्हाळ्याची वाक्ये आम्ही एकमेकांच्या भाषेत लिहितो, आणि त्या भाषा आम्ही बहुतांशी चॅटमध्येच शिकलो आहोत. ‘मिस करतो’, ‘आठवण येते’ आणि ‘करमत नाही’ हे तिन्ही प्रयोग मी दीर्घकाळ वापरले आहेत. ज्यांना निवड करायची आहे त्यांच्यासाठी हा अनुभव लिहितो आहे.

‘मिस करतो’ हा प्रयोग सर्वांत सोपा वाटतो आणि दोघांनाही लगेच कळतो. त्याची अडचण वेगळीच आहे. चॅटमध्ये शिकणारा माणूस व्याकरणाच्या पुस्तकातून नव्हे, तर जोडीदाराच्या वाक्यातून शिकतो. मी ‘मिस करतो’ लिहीत असे, म्हणून तीही कित्येक महिने ‘मी तुला मिस करतो’ असेच लिहीत राहिली. ‘करते’ हे रूप तिच्या डोळ्यांसमोर कधी आलेच नव्हते. ‘मला’ने सुरू होणाऱ्या वाक्यांत ही चूक होऊच शकत नाही, कारण तिथे बोलणारा पुरुष असो वा स्त्री, क्रियापद बदलत नाही. म्हणून उरलेल्या दोन प्रयोगांचे पारडे इथेच थोडे जड होते.

‘तुझी आठवण येते’ हे आपले घरचे, सर्वांच्या तोंडी असलेले वाक्य आहे आणि त्यात ओलावा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही माझी निवड ज्या एका त्रासाने ठरली, तो याच वाक्याचा आहे. आठवण ही ‘येते’, म्हणजे ती एक घटना आहे. ती येण्याआधी नव्हती, आणि आल्यानंतर ती गेलेलीही असू शकते. समोरासमोर बोलताना हे कोणाच्या मनातही येत नाही, पण दहा तासांच्या अंतरावर ते उघडे पडते. गेल्या नोव्हेंबरात दुपारी दोन वाजता, डबा संपवून, मी तिला ‘तुझी आठवण आली’ असे लिहिले. तेव्हा माँट्रियलला पहाटेचे साडेतीन वाजले होते. तिने तो संदेश सकाळी सात वाजता वाचला, म्हणजे माझे साडेपाच वाजले होते आणि मी पाळी बदलण्याच्या गडबडीत होतो. तिने ‘आठवणे’ या शब्दाचा कोशातला अर्थ घेतला, ‘आली’चा भूतकाळ घेतला, आणि मला विचारले, ‘मधल्या वेळात विसरला होतास का?’ ती खरोखर दुखावली होती. ‘येते’ लिहिले तर सवयीसारखे वाचले जाते, आणि ‘येतेय’ लिहिले तर ‘आत्ता’ असा अर्थ होतो. तेव्हा ती काळजीने लगेच फोन करते आणि मी यंत्राजवळ असल्यामुळे तो उचलू शकत नाही. काळाचे कोणतेही रूप घेतले तरी ते लिहिणाऱ्याच्या घड्याळाला बांधलेले राहते.

‘तुझ्याशिवाय करमत नाही’ या वाक्यात हा अडथळा नाही. करमणे म्हणजे मन रमणे, वेळ बरा जाणे. करमणूक हा शब्द त्याच कुळातला आहे. हे क्रियापद बहुधा नकारातच भेटते, किंवा ‘करमतं का तिकडे?’ अशा प्रश्नात. त्यात घटना नाही, स्थिती आहे. दुपारी दोनला लिहिलेले ‘करमत नाही’ तिच्या सकाळी सात वाजताही तितकेच खरे असते, कारण ते एका क्षणाबद्दल बोलत नसून न सरणाऱ्या वेळेबद्दलच बोलते.

ही निवड पक्की होण्यात तिच्या भाषेचाही वाटा आहे. फ्रेंचमध्ये पुस्तके सर्वत्र ‘त्यू म मांक’ शिकवतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘तू मला उणी आहेस’ असा होतो, म्हणजे कर्ता दूर असलेली व्यक्ती असते. इंग्रजीतून विचार करणारा माणूस ‘झ त मांक’ म्हणतो आणि अर्थ नेमका उलटा, ‘तुला माझी उणीव भासते’ असा होतो. मराठीतून विचार केला तर ही चूक टळते. मात्र ‘उणीव भासते’ हे आपल्याकडे शोकसभेत शोभणारे वाक्य आहे, ते चॅटमध्ये लिहावेसे वाटत नाही. क्यूबेकमध्ये ‘झ मांन्वी द त्वा’ हा दुसरा प्रयोग रोजच्या बोलण्यात आहे. त्याचे क्रियापद कंटाळण्याचे आहे. नुसते ‘झ मांन्वी’ म्हटले तर ‘मला कंटाळा आला आहे’, आणि पुढे ‘द त्वा’ जोडले की ‘तुझ्यावाचून करमत नाही’. आपल्या वाक्याची ठेवण हीच आहे. ‘तुझ्याशिवाय’ गळाले, तर ‘करमत नाही’ गावाबद्दल, सुट्टीबद्दल, कशाबद्दलही असू शकते. म्हणून सुरुवातीचे काही महिने तो शब्द गाळू नये, एवढे पथ्य मी सुचवेन. हे समजावल्यावर तिने फक्त ‘अरे, हे तर आमचेच आहे’ असे लिहिले, आणि त्यानंतर मला काही समजवावे लागले नाही.

अर्थात जोडीदार पॅरिसची असती तर कदाचित मी इतक्या खात्रीने बोललो नसतो, कारण फ्रान्समध्ये तो प्रयोग कळतो, पण रोजचा वाटत नाही. शिवाय ‘आठवण’ टाकून द्यावी असेही माझे म्हणणे नाही. सोमेश्वरला जाताना आम्ही दोघांनी जिथे मक्याचे कणीस खाल्ले होते त्या गाडीपाशी मी थांबलो, तर तिथे ‘आठवण आली’ हेच योग्य आहे, कारण ती खरोखरच घटना असते. फक्त मी सोबत जागा आणि वेळ लिहितो. ‘आई तुझी आठवण काढत होती’ हे तर वेगळेच वाक्य आहे. आठवण काढणे म्हणजे तिच्याबद्दल बोलणे, आणि हा फरक तिला उचकीमुळे कळला. उचकी लागली की कोणीतरी आठवण काढते आहे असे आपण म्हणतो, हे सांगितल्यापासून ती उचकी लागली की आईची चौकशी करते.

राहिला वेळेचा शब्द. माँट्रियलचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेदहा तास. हिवाळ्यात माझ्या सकाळी साडेसहाला तिथे आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ वाजलेले असतात, त्यामुळे नुसते ‘आज’ आणि ‘रात्री’ हे शब्द आम्ही सोडून दिले आहेत. ‘परवा’ तर मराठीत दोन्हीकडे जातो आणि शिकणाऱ्याला क्रियापदावरून दिशा ओळखता येत नाही, म्हणून तिथे आम्ही वार लिहितो. उरलेल्या ठिकाणी ‘माझी रात्र’, ‘तुझी सकाळ’ असे लिहितो. काल तिचा संदेश आला, ‘माझी रात्र. तुझ्याशिवाय करमत नाही.’ तो मी माझ्या सकाळी, दूध तापत ठेवून, वाचला आणि त्यातले काहीही शिळे झालेले नव्हते.