षष्ठस्थान बघून केसचा निकाल सांगता येतो का? आठ-नऊ महिने वापरून बघितलं

आधीच सांगतो, मी ज्योतिषी नाही. कृष्णमूर्ती पद्धतीचा क्लास केलाय आणि घरमालकाने डिपॉझिट अडकवलं तेव्हा ती स्वतःवरच वापरली. 90,000 चं डिपॉझिट होतं, पेंटिंग आणि तुटलेला गिझर असं सांगून मालक सगळेच बुडवायला बघत होता.

बरेच जण सहाव्यात शनी-मंगळ दिसले की घाबरतात, मीही घाबरायचो. पण दाव्यात सप्तम म्हणजे समोरचा माणूस आणि षष्ठ हे त्याच्यापासून बारावं, म्हणजे त्याचा तोटा, त्यामुळे 6 आणि आपलं लाभस्थान 11 हे आपल्या बाजूचे. 12 हे त्याचं षष्ठ, 5 हे त्याचं लाभस्थान, हे दोन्ही त्याचे. एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

20 सप्टेंबर 2024 ला 1 ते 249 मधला नंबर घेऊन प्रश्नकुंडली मांडली. लग्न सिंह आलं, षष्ठाचा कस्प, म्हणजे त्या स्थानाचा आरंभबिंदू, मकरेत आणि त्याचा सब लॉर्ड, म्हणजे नक्षत्राच्या त्या पोटभागाचा मालक, शुक्र. शुक्र तेव्हा तुळेत, चित्रा नक्षत्रात, म्हणजे मंगळाच्या. मंगळ मिथुनेत अकराव्यात, त्यामुळे शुक्र आधी 11 चा कार्येश झाला, म्हटलं जिंकलो! पण मंगळ चतुर्थ आणि नवमाचा मालक, आणि 4 म्हणजे समोरच्याचं दशम, त्याचाही जोर. वहीत लिहून ठेवलं, "पैसे येतील, सगळे नाही." वकिलाची नोटीस गेली, दोन-तीन महिने फोनाफोनी झाली आणि शेवटी 70,000 वर तडजोड. पेंटिंगचे कापलेच त्याने.

आता खटकलेलं. त्याच वादासाठी मी जन्मकुंडलीही बघितली होती, तिथे उत्तर पार उलटं, 5 आणि 12. मग लक्षात आलं की माझी जन्मवेळ आईने "सव्वासहाच्या सुमारास" अशी सांगितलेली. रवीचा सब फक्त 40 कलांचा असतो, लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतं, म्हणजे तीन मिनिटांच्या आत सब बदलू शकतो आणि आपण निकाल सांगत बसलोय! तेव्हापासून वेळ पक्की नसेल तर जन्मकुंडलीवरून कोर्टाचं काही बोलत नाही.

दुसरी चूक म्हणजे मध्ये मालकाने फोन उचलणं बंद केल्यावर मी घाबरून त्याच प्रश्नाला पुन्हा नंबर घेतला, आणि आठवड्याने अजून एक. तीन नंबर, तीन उत्तरं. आमचे सर चिडले, म्हणाले अरे पहिलाच धरायचा असतो, बाकीचे तू स्वतःची समजूत काढायला घेतलेस. वहीत ती दोन पानं अजून आहेत, त्यावर फुली मारलीय.