लाईट गेली, फ्रीजर भरलेला: बर्फ, इन्व्हर्टर, शेजार की नुसतं दार बंद?

मे महिन्यातली रात्र, सव्वादहाची वेळ. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीत वळवाच्या वाऱ्याने गुलमोहराची फांदी तारांवर पडली आणि लाईट गेली. लाईनमन म्हणाला, "सकाळ होईल." घरात दोन दारांचा फ्रीज. वरचा फ्रीजर जवळजवळ गच्च: हिवाळ्यात सोलून ठेवलेला मटार, आमरसाच्या पिशव्या, ओलं खोबरं, रविवारसाठी आणलेलं चिकन, आणि मागच्या कोपऱ्यात वहिनीने बाळासाठी काढून ठेवलेल्या दुधाच्या लहान पिशव्या. पाच मिनिटांत घरात चार पक्ष झाले. आजी म्हणाली, "दाराला हात लावू नका." बाबांना बर्फ आणायचा होता, दादाला फ्रीज इन्व्हर्टरवर घ्यायचा होता आणि वहिनीला सगळं उचलून इंदिरानगरला मावशीकडे न्यायचं होतं.

तुमच्यावर हीच वेळ आली तर यातलं काय निवडाल?

आधी आजीची बाजू, कारण तीच सगळ्यात स्वस्त आणि बहुतेक वेळा सगळ्यात बरोबर. उणे १८ अंशावरचा एक किलो बर्फ शून्यापर्यंत यायला साधारण ९ किलोकॅलरी उष्णता लागते, पण शून्यावरच वितळायला ८० लागतात. मटार, आमरस, चिकन यांत बहुतांश पाणीच असतं, म्हणून त्यांचंही थोडंफार असंच. तापमान सुरुवातीला भरभर चढतं आणि शून्याच्या जरा खाली येऊन बराच वेळ अडकून बसतं. भरलेला फ्रीजर स्वतःच बर्फाचा साठा असतो. दार बंद ठेवलं तर गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास टिकतो, असा सर्वसाधारण हिशेब सांगतात. तो मोठ्या, वेगळ्या डीप फ्रीजरला जास्त लागू पडतो. फ्रीजवरच्या छोट्या कप्प्याला, तेही नाशिकच्या मे महिन्यात, मी त्याच्या निम्माच वेळ धरेन. तरी रात्र निभावते. खालच्या कप्प्याची गोष्ट वेगळी: तिथे चार तासांपलीकडे दूध, पनीर, शिजवलेली भाजी यांचा भरवसा नाही.

बाबांचा बर्फ ऐकायला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, पण अशा वेळी फ्रीजरला तो जवळजवळ निरुपयोगी. दुकानातून आणलेला, पाणी सुटलेला बर्फ शून्य अंशावर असतो. आत मटार उणे दहाला असेल तर हा बर्फ त्याला गार करणार नाही, उलट त्याच्याकडूनच गारवा घेईल. शिवाय तो ठेवायला दार उघडावं लागतं, ते वेगळंच. त्याची खरी जागा खालच्या कप्प्यात, पातेल्यात घालून दुधाशेजारी. फ्रीजरसाठीच बर्फ वापरायचा असेल तर पॉट आईस्क्रीमवाल्यांची युक्ती लागते: वजनाने तीन भाग फोडलेल्या बर्फाला एक भाग खडे मीठ. हे मिश्रण उणे वीसच्या आसपास उतरतं. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यातच भरा, नाहीतर खारं पाणी आमरसाच्या पिशव्यांवर ओघळेल. बाबा मोटरसायकलवरून बर्फ घेऊन आले, तो सगळा खाली गेला. त्यावर सकाळपर्यंत दूध चांगलं राहिलं, हे मात्र मान्य करायला हवं.

दादाच्या इन्व्हर्टरवर घरात सगळ्यात जास्त वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. बारा व्होल्टची १५० एएच बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि थोडी वीज रूपांतरातही जाते, त्यामुळे हाती अकराशे-बाराशे धरा. दोन पंखे आणि तीन-चार दिवे मिळून १९० वॅट झाले तर हे सहा तास पुरतं. त्यात फ्रीजचे सरासरी शंभर वॅट घाला, चार तासांत बॅटरी संपते. पहाटे अडीचला पंखे बंद, डास चालू आणि बाळ जागं. दुसरी अडचण चालू होतानाची. साध्या कॉम्प्रेसरला सुरुवातीच्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट करंट लागतो. त्याने छोटा इन्व्हर्टर ओव्हरलोडची शिटी मारून बंद पडतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर कॉम्प्रेसर घुमतो आणि तापतो, तेव्हा तिथे फ्रीज लावूच नका. साईन वेव्हचा असेल, मोठा असेल आणि पंख्यांचं ओझं कमी असेल तर दर तीन-चार तासांनी एक तास फ्रीज चालवणं पुरेसं. दादाने वायर ओढून लावली, शिटी वाजली आणि त्याने स्वतःच ती काढली.

सगळा फ्रीजर हलवणं हे वहिनीचं मत होतं. तिच्या जिवाला घोर लावणारी गोष्ट एकच होती, बाळाचं दूध. घाईघाईत अख्खा फ्रीजर उपसून टोपलीत घातला की वाटेतच पाण्याचे थेंब सुटायला लागतात, आणि मावशीच्या फ्रीजरमध्ये एकदम दहा किलो माल कोंबला तर तिचाही फ्रीजर तापतो. म्हणून तोडगा निघाला तो अर्धवट हलवण्याचा. माळ्यावर थर्माकोलचा डबा होता. दार एकदाच उघडलं, आधी टॉर्च आत धरून काय कुठे आहे ते पाहून घेतलं. दुधाच्या पिशव्या मधोमध, चारी बाजूंनी गोठलेल्या मटाराच्या पिशव्या, वर वर्तमानपत्राच्या घड्या, झाकणाला चिकटपट्टी. बाकी काही काढलं नाही, आणि दार बंद. पिशव्या मावशीकडे दगडासारख्या घट्टच पोचल्या. दूध निवडण्याचं कारण साधं: पूर्ण वितळलं तर ते पुन्हा गोठवता येत नाही, फ्रीजमध्ये ठेवून २४ तासांत वापरावं लागतं. मटाराचं तसं नाही, फारतर मऊ पडेल आणि उसळीत जाईल.

म्हणून माझा कौल असा. फ्रीजर बऱ्यापैकी भरलेला आणि लाईट सकाळपर्यंत येण्याची शक्यता असेल तर आजी. औषध किंवा बाळाचं दूध असेल तर तेवढंच हलवा. लाईट दुसऱ्या संध्याकाळपर्यंतही येणार नाही असं कळलं तर इन्व्हर्टर किंवा मिठाचा बर्फ. एकाच दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा लहान कप्पा असेल तर आजीचा नियम फार वेळ चालणार नाही, तिथे पहिल्या तासातच शेजार गाठा.

लाईट सातला आली. दादाने फ्रीजचं बटण आधीच बंद केलं होतं, कारण येताना व्होल्टेज वरखाली होतं. पाच मिनिटं थांबून चालू केलं. मग तपासणी. पिशवी दाबल्यावर आत बर्फाचे खडे लागत असतील तर ती परत गोठवायला हरकत नाही. मऊ झालं पण हाताला फ्रीजइतकं थंड लागतंय, तर त्याच दिवशी शिजवा. चिकन किंवा मासे कोमट होऊन दोन तास गेले असतील तर वासाची वाट पाहू नका, टाका. घातक जंतूंना वास असतोच असं नाही. त्या दिवशी चिकनच्या मधल्या भागात बर्फ होता, कडा मात्र मऊ. आजीने ते परत न गोठवता दुपारी रस्सा केला. आमरसाच्या पिशव्या घट्टच होत्या, त्या तशाच आत राहिल्या.