‘Blocked’मधून क्लायंटला वेगळं काढलं : सात महिन्यांच्या वापरानंतर

आमची सहा जणांची टीम आहे. ऑफिस पुण्यात, क्लायंट बहुतेक कारखानदार आणि वितरक, काम त्यांच्या बिलिंग-डिस्पॅच सॉफ्टवेअरचं. कामाची नोंद जिरा या टूलवर, प्रत्येक कामाचं एक तिकीट. सात महिन्यांपूर्वीपर्यंत अडलेलं प्रत्येक तिकीट `Blocked`मध्ये जायचं, मग ते सर्व्हरचा पासवर्ड मिळाला नाही म्हणून अडलेलं असो की क्लायंटच्या अकाउंट्समधल्या माणसाने मेलला उत्तर दिलं नाही म्हणून. महिनाअखेरीला साहेब कुठल्या तिकिटाला किती दिवस लागले ते दाखवणारा चार्ट उघडून विचारायचे, "एका रिपोर्टला तीन आठवडे?" मग आम्ही जुने मेल उकरत बसायचो.

शेवटी `Waiting for Client` असं वेगळं स्टेटस केलं. नियम एकच ठेवला: अडथळा आमच्या कंपनीतलं कोणीही दूर करू शकत असेल तर `Blocked`, फक्त क्लायंटच करू शकत असेल तर `Waiting`. स्टेटस बनवायला पाच मिनिटं लागतात, पण तेवढ्याने आकडा बदलत नाही. बोर्डवर त्याला स्वतःचा कॉलम द्यावा लागतो आणि `Control Chart`मध्ये तो कॉलम मोजणीतून काढावा लागतो. आम्ही पहिले दोन आठवडे ते `In Progress`च्याच कॉलममध्ये ठेवलं होतं. चार्ट जसाच्या तसा, आणि आम्ही आपले खूश.

खरा धडा एका क्रेडिट नोटच्या तिकिटाने दिला. प्रश्न साधा होता: क्रेडिट नोटला नंबरांची वेगळी मालिका हवी की बिलाचीच पुढे चालवायची? काम सोमवारी सुरू झालं, मंगळवारी मेल गेला, तिकीट `Waiting`मध्ये. ते बाहेर आलं थेट तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी आणि मंगळवारी संपलं. एकूण पंधरा दिवस, त्यातले तेरा क्लायंटच्या नावावर. आमचे फक्त दोन. वा!

पण मेल उघडून पाहिला तर उत्तर आधीच्याच गुरुवारी, म्हणजे नऊ दिवसांत आलं होतं. ते ज्याच्याकडे आलं तो सुट्टीवर, आणि डेव्हलपरला मेलमध्ये घेतलेलंच नव्हतं. म्हणजे चार दिवस चक्क आमचे होते आणि आम्ही ते क्लायंटच्या खात्यात टाकले होते. पूर्वी त्यांचा उशीर आमच्या माथी यायचा, आता आमचा त्यांच्या माथी. क्लायंटसमोर तो चार्ट ठेवला असता तर त्यांनी मेलची तारीख दाखवून गप्प केलं असतं.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. उत्तर ज्याला मिळेल त्यानेच तिकीट हलवायचं, डेव्हलपरची वाट बघायची नाही. आणि `Waiting`मध्ये जाताना प्रश्न कोणाला, कधी पाठवला हे भरल्याशिवाय जिरा पुढे जाऊच देत नाही. बाहेर काढताना उत्तराची तारीखही मागतो. जिराच्या इतिहासातली तारीख मागाहून बदलता येत नाही, म्हणून ही वेगळी नोंद लागतेच. शुक्रवारी संध्याकाळी ‘विचारायचंय अजून’ म्हणत तिकीट तिथे सरकवायची सवयही त्यामुळे बरीच मोडली.

रोज सकाळी स्टँडअपच्या आधी मी हे फिल्टर उघडते:

```
status = "Waiting for Client" AND NOT status changed after -3d
```

तीन दिवस न हललेलं जे दिसेल त्याच्यासाठी मेल नाही, सरळ फोन. आमच्या क्लायंटकडे मेल वाचणारा आणि निर्णय घेणारा माणूस बहुधा वेगळा असतो.

तोटाही सांगते. `Waiting`मधली तिकिटं कोणाच्या हातातल्या कामात धरली जात नव्हती, त्यामुळे वाट बघताना प्रत्येकाने नवीन काम उचललं. एकदा तिथे अकरा तिकिटं साठली. मग मार्चअखेरीच्या धांदलीत क्लायंटना जाग आली आणि दोन दिवसांत सात उत्तरं आली. माणसं सहा, हातात आधीचं काम, वर ही सात. आता त्या कॉलमलाही सहाची मर्यादा आहे. सातवं तिथे जाणार असेल तर आधी जुन्या एकाचा पाठपुरावा करायचा.

आणखी एक. `Waiting`चे दिवस फक्त टीमच्या मोजणीतून वजा होतात. क्लायंटला आम्ही ‘काम दोन दिवसांत केलं’ असं सांगत नाही, त्यांच्या लेखी कामाला पंधरा दिवसच लागलेले असतात. साहेबांना हे पटायला दोन मीटिंगा लागल्या.

अर्धवट उत्तरांचं कोडं मात्र सुटलेलं नाही. तीन प्रश्न विचारले, दोनांची उत्तरं आली, तिसऱ्यावर ‘बघून सांगतो’. काम थोडं पुढे जाऊ शकतं, पूर्ण होऊ शकत नाही. सध्या आम्ही तिसरा प्रश्न वेगळ्या तिकिटात काढून फक्त तेच `Waiting`मध्ये ठेवतो. तिकिटं वाढतात, टेस्टर कुरकुरतो. कालच त्याने विचारलं, "एका क्रेडिट नोटची चार तिकिटं, मी नक्की कुठलं तपासू?"