४०५चे ४८४ झाले आणि माझे साडेसात लाख गेले

डिचोलीत प्लॉट शोधणाऱ्यांनी हे वाचाच. आकडे मुद्दाम जसेच्या तसे देतोय.

एजंटच्या साईटवर प्लॉट होता, वर ठळक अक्षरांत ‘४८४ चौ. मी.’ आणि खाली बारीक, करड्या रंगात ‘४ गुंठे / ४,३५६ चौ. फू.’. दर चौरस मीटरला ९,५०० रुपये. म्हणजे ४५,९८,००० रुपये, आणि तेवढेच मी मोजले. एक लाख टोकन, दहा लाख कराराच्या वेळी, उरलेले सेल डीडच्या दिवशी.

आता ती दोन ओळींची गंमत बघा. चौरस मीटरचे चौरस फूट करायचे तर १०.७६ने गुणायचं. ४,३५६ला १०.७६ने भागा, ४०५ येतात. मग ४८४ आले कुठून? ४,३५६ला ९ने भागा. नऊ चौरस फुटांचा एक चौरस यार्ड होतो. प्लॉट ४८४ चौरस यार्डांचा होता, फक्त आकड्यापुढे ‘चौ. मी.’ चिकटवलं होतं. दोन्ही आकडे एकाच स्क्रीनवर, बोटभर अंतरावर. फोनमधला कॅल्क्युलेटर काढायला किती वेळ लागतो हो? आजही आठवलं की डोकं भणभणतं.

बरं, मी विचारलं नव्हतं असंही नाही. ‘चार गुंठे म्हणजे चारशेच्या आसपास ना?’ असं स्पष्ट विचारलं होतं. तो म्हणाला, ‘बाब, आमचं सगळं सिंधुदुर्गाकडचं काम गुंठ्यात, गोव्याचं मीटरात. हिशोब कॉम्प्युटर आपोआप करतो, त्यात माणसाचा हात नाही.’ एवढ्या आत्मविश्वासाने सांगितल्यावर कोण गप्प बसणार नाही? एक-चौदाचा उतारा दाखवला तेव्हा त्यात क्षेत्रफळ हेक्टर, आर, चौरस मीटर असं बिंदूंनी तोडलेलं, शेवटी ०४.०५. मी ते ‘चार गुंठे आणि वर थोडं’ असं वाचलं, कारण आर आणि गुंठा जवळपास सारखेच. एक आर १०० चौ. मी., एक गुंठा १०१.१७. प्रत्यक्षात तिथे सरळ लिहिलं होतं: चार आर पाच, म्हणजे ४०५ चौ. मी.

घराच्या नकाशासाठी मोजणी करून घेतली तेव्हा आर्किटेक्टने ४०५ सांगितले. ७९ चौ. मी. कमी, ९,५०० दराने ७,५०,५०० रुपये. मूळ मालक भेटला तर त्याला ४०५च्याच हिशोबाने पैसे मिळालेले! मुखत्यारपत्र एजंटकडेच होतं. म्हणजे घेताना मीटर मीटर, विकताना यार्डाचा मीटर. कॉम्प्युटरची चूक असती तर दोन्हीकडे झाली असती.

आणि सेल डीड. परिशिष्टात क्षेत्रफळ बरोबर ४०५, पण किंमत एकरकमी लिहिलेली, दराचा उल्लेखच नाही. वर ‘चतु:सीमेने दाखवलेला प्लॉट’. इथेच पाय घसरतो. करारातच दर गुणिले मोजणीचं क्षेत्रफळ असं लिहून घ्या, आणि मोजणीत फरक निघाला तर रक्कम त्याच दराने कमी-जास्त होईल हे वाक्य टाका. ‘अंदाजे’ हा शब्द दिसला की सही करू नका.

पुढे सरकारी वाऱ्या. पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. नोंदणी कार्यालयात सांगितलं की आम्ही दस्त नोंदवतो, जमीन मोजत नाही. भूमापनवाले तर खूशच झाले, ‘आमच्या रेकॉर्डला ४०५च आहे की!’ अहो, रेकॉर्ड चुकीचं आहे असं मी कधी म्हटलं? एका खिडकीवर साहेब म्हणाले, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणा. आणला, तर म्हणे त्यावर तारीख नाही. म्हणून सांगतो, टोकन देण्याआधी जाहिरातीचं पान पत्ता आणि तारखेसकट पीडीएफ करून ठेवा.

मग त्याच साईटवरचे बाकीचे प्लॉट तपासले. गुंठे आणि मीटर दोन्ही दिलेत तिथे मीटरला गुंठ्याने भागायचं. १०१ आलं तर ठीक, १२१ आलं तर तो यार्ड आहे. १०८.९ आलं तर १०.७६ ऐवजी नुसत्या १०ने भागलंय, त्यातही साडेसात टक्के गेलेच. सगळेच आकडे चुकीचे नव्हते, हे जास्त वाईट. सगळ्यांत जुन्या दोन-तीन नोंदी चोख १०१च्या होत्या, म्हणजे खरा हिशोब त्याला येत होता.

वकिलाची नोटीस गेलीय. उत्तरात ‘टायपिंगची चूक’ म्हणून पन्नास हजार देऊ केलेत. आज सकाळी बघितलं तर साईटवर ‘१० गुंठे, १,२१० चौ. मी.’ असा नवा प्लॉट चढलाय.