खोक्यामागचा धूर: खरं शूट सांगून चिकटवलेला धूर गळ्यात मारतात, तो कसा ओळखायचा

आम्ही उदबत्त्या बनवतो. नव्या पाकिटाचे फोटो हवे होते म्हणून एका स्टुडिओला काम दिलं आणि अर्धी रक्कम आगाऊ भरली. वर्णन लेखी दिलं होतं: आमचीच काडी पेटवायची, धूर खोक्याच्या मागून वर चढायला हवा आणि समोरच्या बाजूवरचं नाव, सुगंध, वजन, काड्यांची संख्या यांतलं एकही अक्षर झाकलं जाता कामा नये. त्यांनी ‘खरा धूर, खरं शूट’ असं कबूल केलं आणि त्याचे वेगळे पैसे लावले.

फोटो आले ते पहिल्या नजरेला सुंदर वाटले. मोठे करून पाहिल्यावर मात्र नावाची काळी अक्षरं एका पट्ट्यात राखाडी दिसली. धुराची एक लड सरळ समोरून गेली होती. तीच लड खोक्याच्या पांढऱ्या किनारीपाशी नाहीशी होत होती आणि किनार संपताच पुन्हा सुरू होत होती. खरा धूर असं वागत नाही, पांढऱ्यावरही त्याची पुसटशी सावली पडते. फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये काळ्या पार्श्वभूमीवरचा तयार धूर Screen या मोडमध्ये वर ठेवला की असं होतं, कारण तो मोड फक्त उजळ करतो. काळं राखाडी होतं आणि पांढऱ्यावर काहीच उमटत नाही.

मग तिन्ही सुगंधांचे फोटो शेजारी ठेवले. वेलांटीसारखा तोच वळसा तिन्हींत होता, एकात फक्त डावीकडचा उजवीकडे उलटवलेला. धूर पुन्हा तसाच कधी वळत नाही. एकच काडी पुन्हा पेटवली तरी वेगळा आकार येतो. म्हणजे शूट झालं होतं ते नुसत्या खोक्यांचं. धूर कुठून तरी आणून वर चिकटवला होता आणि पैसे मात्र खऱ्या धुराचे घेतले होते.

तक्रार केल्यावर ‘दुरुस्त’ फोटो आले, आणि मला सगळ्यात संताप याचा आहे. समोरचा धूर पुसताना त्यांनी खालचं छापील वजनही पुसलं आणि वेगळ्याच टाइपात पुन्हा लिहून दिलं. गिऱ्हाइकाच्या हातातलं खोकं आणि फोटोतलं खोकं जुळत नसेल तर प्रश्न आम्हालाच विचारले जाणार. कॅमेऱ्यातून थेट आलेल्या, काहीही न बदललेल्या मूळ रॉ फाइल मागितल्या तर ‘आम्ही देत नाही’ एवढंच उत्तर मिळालं. आगाऊ रक्कम आजवर परत आलेली नाही.

पुढे दुसऱ्या छायाचित्रकाराने आमच्यासमोर हे काम केलं, तेव्हा कळलं की ते अवघड असलं तरी अशक्य नाही. पंखे आणि एसी बंद केले. पार्श्वभूमी काळी होती. काडी खोक्याच्या मागे वीतभर अंतरावर उभी केली, म्हणजे कॅमेऱ्यातून ती दिसत नाही. धुरावर मागून, बाजूने प्रकाश टाकला; तसा टाकला तरच तो झळकतो. तो प्रकाश लेन्समध्ये शिरू नये म्हणून मध्ये काळा पुठ्ठा लावला. छापील बाजूला समोरून मऊ, स्वतंत्र दिवा दिला. फ्लॅशमुळे धुराच्या कडा गोठून स्पष्ट आल्या.

निखाऱ्यापासून धूर आधी सरळ दोरीसारखा वर जातो आणि थोड्या उंचीनंतरच वळसे घेतो. काडीचं टोक फार वर ठेवलं तर खोक्याच्या वर नुसती सरळ रेघ दिसते. म्हणून टोक खोक्याच्या वरच्या कडेपेक्षा खाली ठेवलं, सरळ भाग खोक्याआड गेला आणि वळसे मोकळ्या काळ्या जागेत उमटले. अधूनमधून धूर पुढे झुकायचाच. त्यासाठी काडी पेटवण्याआधीच, कॅमेरा तिवईवर घट्ट ठेवून, त्याच दिव्यांत खोक्याचा स्वच्छ फोटो घेतला होता. अंतिम फोटोत खोकं त्या स्वच्छ फोटोतलं आणि धूर दुसऱ्यातला आहे. अशी जोडणी प्रामाणिक आहे, कारण दोन्ही गोष्टी समोर घडलेल्या असतात आणि छपाईला हात लागत नाही.

आता आम्ही काम देताना वर्णनात लिहितो: ‘धूर खोक्याच्या वरच्या कडेमागून बाहेर येईल, वळसे कडेच्या वरच राहतील. समोरच्या बाजूवर धूर, धूसरपणा किंवा पुनर्लेखन चालणार नाही. धुराविनाचा आणि धुरासहित फोटो, दोन्हींच्या रॉ फाइल आणि लेयर असलेली अंतिम फाइल मिळाल्यावरच उरलेली रक्कम.’ अंतिम फाइल आली की धुराविनाच्या फोटोवर ती Difference मोडमध्ये ठेवून पाहतो; त्यात दोन फोटोंमधला फक्त फरक दिसतो, सारखं असेल ते काळं होतं. खोक्याची जागा काळी दिसली तर छपाई जशीच्या तशी आहे. अक्षरांच्या कडा चमकल्या तर तिथे कोणीतरी काहीतरी केलंय, आणि पैसे देण्याआधी ते विचारायचं.