फेलोशिपच्या अर्जासोबत मी अकरा घरांची नावे देऊन टाकली

मी घणसोलीची. ठाण्याहून निघणाऱ्या एका छोट्या दैनिकासाठी चार वर्षांपासून नवी मुंबईच्या बातम्या देते. पगार नाही, बातमीमागे मानधन मिळते. नोव्हेंबर 2025 मध्ये वार्ताहरांच्या एका व्हॉट्सॲप गटात प्रादेशिक भाषांतील शोधपत्रकारितेसाठीच्या फेलोशिपची जाहिरात आली. सहा महिने, तीन लाख रुपये, चार समान हप्ते. एखाद्या विषयाचा सहा महिने पाठपुरावा करण्याइतके पैसे आमच्यासारख्यांना एरवी कोणी देत नाही, त्यामुळे जाहिरात कोणी टाकली हे विचारायच्या आधीच मी अर्ज लिहायला बसले होते.

अर्ज म्हणजे दीड हजार शब्दांचे पत्र होते आणि त्यात तीन प्रश्नांची उत्तरे हवी होती: काय करणार, ते आताच का, आणि ते तुम्हीच का करायचे. खऱ्या फेलोशिपांसाठीही हेच विचारतात. चौथी मागणी मात्र वेगळी होती. ‘स्रोतांचे परिशिष्ट’ या नावाखाली ज्यांच्याशी बोलणार त्यांची नावे, गावे, फोन क्रमांक आणि हाती असलेल्या कागदपत्रांचा तपशील त्यांना पडताळणीसाठी हवा होता. मला ते शिस्तीचे लक्षण वाटले.

माझा विषय साडेबारा टक्के योजनेतल्या, अजून न मिळालेल्या भूखंडांचा होता. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच शेतकरी गेले आणि त्या लढ्यातून नवी मुंबईसाठी संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. एक एकर, म्हणजे सुमारे 4,047 चौरस मीटर जमीन गेलेल्या घराचा हिस्सा सुमारे 506 चौरस मीटर होतो. त्यातून सार्वजनिक सुविधांसाठी मूळ जमिनीच्या पावणेचार टक्के वजा जाता हातात 354 च्या आसपास उरतात. भूसंपादनाच्या निवाड्यात ज्याचे नाव होते तो खातेदार वारला की न्यायालयातून वारस दाखला आणावा लागतो, आणि बहिणी, पुतणे, नातवंडे मिळून वारसांची संख्या पंधरा-वीसवर गेली की फाईल अडते. नेमक्या याच टप्प्यावर दलाल घरात येतो. वकिलाचा खर्च तो करतो, मुलीच्या लग्नाला उचल देतो आणि बदल्यात मुखत्यारपत्रावर अंगठा घेतो. भूखंड मिळण्याच्या कितीतरी आधीच तो विकला गेलेला असतो, आणि कोणत्या भावाने, ते घरातल्या निम्म्या वारसांना ठाऊक नसते.

‘आताच का’ या भागासाठी मी चार दिवस घेतले, आणि आजही मला तो पत्रातला सर्वांत बरा भाग वाटतो. 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, एवढे लिहून थांबणे सोपे होते, कारण त्या महिन्यात प्रत्येक अर्जदाराने तेच लिहिले असणार. मी असे लिहिले की विमानतळामुळे उलवे-पनवेल पट्ट्यात दलालांची घाई वाढली आहे, आणि त्याच वेळी ज्यांची नावे मूळ निवाड्यात आहेत ती पिढी ऐंशीच्या पुढे गेली आहे. मुखत्यारपत्रावर अंगठा देताना आपल्याला काय सांगण्यात आले होते, हे सांगणारी माणसे आणखी पाच वर्षांनी राहणार नाहीत. ‘मीच का’ याचे उत्तरही खरे होते. माझ्या आजीचे नाव अशाच एका निवाड्यात आहे, आगरी बोली मला दुभाष्याशिवाय येते, आणि ज्या ओटीवर बाहेरच्या पत्रकाराला चहा देऊन वाटेला लावतात तिथे मला लोखंडी पेटी उघडून कागद दाखवतात.

दुर्दैवाने हे वाक्य सिद्ध करण्यासाठीच मी परिशिष्ट भरले. अकरा घरे, प्रत्येकाचा सर्वे नंबर, वारसांची संख्या, फाईल कोणत्या टप्प्यावर अडली आहे, आणि घरात कोणाचे कोणाशी पटत नाही, हेसुद्धा. शेवटचा तपशील कोणी मागितलाही नव्हता. आपली पोच किती खोल आहे हे दाखवण्याच्या हौसेने मी तो स्वतःहून लिहिला.

आठव्या दिवशी मुलाखत झाली, समोरच्या दोघांचे कॅमेरे बंद होते. आता त्या मुलाखतीची टिपणे वाचताना माझ्या लक्षात येते की प्रश्नांनीच सगळे सांगितले होते. वृत्तसंपादकाच्या नजरेने पाहणारा माणूस अशा विषयावर काय विचारतो, ते मला कामातून ठाऊक आहे: दलालांची बाजू कशी मिळवणार, मुखत्यारपत्र फसवून घेतले हे कोणत्या कागदावरून सिद्ध करणार, सहा महिन्यांत एकही कुटुंब नाव छापायला तयार झाले नाही तर बातमी उभी राहील का, छापणार कोण. यांपैकी एकही प्रश्न आला नाही. त्यांनी विचारले की अकरांपैकी किती घरांनी अजून कोणाशीही करार केलेला नाही, वारस दाखला हाती आलेली घरे कोणती, आणि निर्णय घेणारा मुलगा इथेच राहतो की बाहेरगावी. त्यांनी इतका बारकाईने अभ्यास केला म्हणून मी त्या संध्याकाळी खूश होते.

पैशांची बाजू थोडक्यात सांगते, कारण ती नेहमीचीच आहे. निवड झाल्याचे पत्र आले आणि त्यासोबत नोंदणी शुल्क म्हणून 4,000 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, असे 4,720 रुपये मागितले. मी भरले. यूपीआयवर संस्थेऐवजी एका व्यक्तीचे नाव दिसले, ते मी पाहिले आणि सोडून दिले. तीन दिवसांनी पहिल्या 75,000 च्या हप्त्यावरील दहा टक्के टीडीएस ‘आगाऊ’ भरण्याची सूचना आली आणि मी 7,500 रुपये आणखी पाठवले. या दुसऱ्या रकमेची मला जास्त लाज वाटते, कारण टीडीएस म्हणजे काय हे मला माहीत होते. पैसे देणारा तो कापून उरलेली रक्कम आपल्याला देतो, कापलेली रक्कम आपल्या पॅनवर सरकारकडे भरतो आणि ती आपल्या वार्षिक करविवरणात दिसते. पैसे घेणाऱ्याने टीडीएस आधी भरायचा, असा प्रकारच नाही. दैनिकाच्या मानधनातून माझा टीडीएस दरवर्षी कापला जातो, तरी पत्रावरचा शिक्का पाहून ते आठवले नाही.

त्यानंतर त्यांचे फोन बंद झाले. मी 1930 वर कळवले आणि cybercrime.gov.in वर व्यवहार क्रमांकांसह तक्रार नोंदवली. 7,500 ची रक्कम समोरच्या खात्यात गोठवल्याचे बँकेने सांगितले. ती अजून परत आलेली नाही आणि आधीचे 4,720 त्या खात्यातून निघून गेले होते. बारा हजारांना बसले, अशी मी मनाची समजूत घातली.

डिसेंबरच्या अखेरीस परिशिष्टातल्या तिसऱ्या घरातल्या आत्याचा फोन आला. एक माणूस दारात येऊन गेला होता, त्याने सर्वे नंबर तोंडपाठ सांगितला आणि पुण्याला असलेल्या मुलाला परस्पर फोनही केला होता. आत्याने एवढेच विचारले, “गो बाय, आमचा नंबर त्याला कसा ठाऊक?” आठवडाभरात आणखी दोन घरांतून तेच कळले. तिन्ही घरे अजून कोणाशीही करार न केलेली, वारस दाखला हाती आलेली, म्हणजे मुलाखतीत मी स्वतः बोट ठेवून दाखवलेली.

परिशिष्ट दलालाला विकले गेले, हे मला सिद्ध करता येत नाही. सर्वे नंबर जुन्या नोंदींतूनही काढता येतो. पण पुण्याच्या मुलाचे त्याच्या काकांशी पटत नाही आणि म्हणून त्याच्याशी वेगळे बोलावे, हे कोणत्याही नोंदीत नसते. आलेला माणूस आत्याला तेच सांगून गेला होता. शुल्क हा त्यांचा वरखर्च असावा आणि खरा माल ती यादी असावी, असे माझे मत झाले आहे.

नंतर मी जे तपासले त्याला अर्धा तासही लागला नाही. डोमेनच्या नोंदीत त्यांच्या संकेतस्थळाचा जन्म जाहिरातीच्या तेवीस दिवस आधीचा निघाला. ‘मागील वर्षीचे फेलो’ म्हणून दिलेल्या सहा नावांपैकी एकाचीही छापलेली बातमी सापडली नाही. सहा महिने पैसे घेऊन काम केलेल्या माणसाची निदान एक तरी बातमी कुठेतरी असायलाच हवी. माझ्या संपादकांचे प्रकाशनाची हमी देणारे पत्रही त्यांनी मागितले नव्हते. माझी बातमी कुठे छापून येणार याची ज्यांना काळजीच नव्हती, त्यांना बातमी नको होती, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

दुसऱ्या एका संस्थेसाठी मी तेच पत्र आता पुन्हा लिहिले आहे. तिच्या चार जुन्या फेलोंशी मी आधी फोनवर बोलले. विषय, ‘आताच का’ आणि ‘मीच का’ हे भाग जवळजवळ तसेच ठेवले. जिथे पूर्वी “अमुक गावातील अमुक यांच्या सतरा वारसांची फाईल वारस दाखल्यानंतर अडली आहे” असे होते, तिथे आता असे आहे: “तीन गावांतील अकरा कुटुंबांशी माझी ओळख आहे, त्यांपैकी सात कुटुंबांची कागदपत्रे मी पाहिली आहेत, आणि चार कुटुंबे ध्वनिमुद्रित बोलण्यास तयार आहेत.” पोच किती आहे ते यातूनही कळते. परिशिष्टाच्या जागी एक ओळ आहे: निवड झाल्यावर, गोपनीयतेचा लेखी करार करून आणि त्या कुटुंबांची परवानगी घेऊन, एका संपादकाला मूळ कागद समक्ष दाखवीन. त्या संस्थेच्या समन्वयकाने ती ओळ वाचून एकच प्रश्न विचारला, की परवानगी मिळाली नाही तर पर्यायी पुरावा कोणता. मी नोंदणी कार्यालयातल्या नोंदींबद्दल लिहून पाठवले.

ती परवानगी मागण्यासाठी जानेवारीत मी अकराही घरी गेले आणि आधी काय झाले ते सांगितले. आठ घरांनी ऐकून घेतले आणि होकार दिला, दोघांनी मुलांना विचारून सांगतो म्हटले. आत्याने चहा केला, मग पूर्वी मला दिलेली निवाड्याची झेरॉक्स परत मागितली. ती माझ्या पिशवीतच होती. मी दिली, आणि तिने चार घड्या घालून ती पेटीत ठेवली.